दरडोई उत्पन्नाच्या शेजारी आणखी एक रकाना छापा

मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई
यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या तोंडावर, तुमच्या संचालनालयाने तयार केलेली ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळात मांडली जाते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिच्यातला एक आकडा मथळ्यात हमखास असतो: राज्याचं दरडोई उत्पन्न. मार्च 2025 मध्ये मांडलेल्या पाहणीत 2024-25 साठी तो 3,09,340 रुपये अपेक्षित धरला होता. आदल्या वर्षी तो 2,78,681 होता. म्हणजे वर्षभरात अकरा टक्के वाढ. सत्ताधारी बाकं वाजवतात, विरोधक तेलंगण आणि कर्नाटकाचे आकडे काढून आपण कितवे ते सांगतात, आणि आठवड्याभरात सगळं थंड होतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तुमच्या आकड्यांवर माझा अविश्वास नाही, हे आधीच सांगते. जिल्ह्याजिल्ह्याचं उत्पन्न काढणं किती किचकट असतं याची मला कल्पना आहे, आणि तुमच्याकडे माणसं किती कमी आहेत याचीही. माझी तक्रार त्या आकड्याला एकटं सोडण्याबद्दल आहे.

आधी शासनाच्याच दोन कागदांची गाठ घालते. 3,09,340 ला चारने गुणा. चार माणसांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 12 लाख 37 हजार, महिन्याला लाखावर. आता अन्न व नागरी पुरवठा विभागाचा कागद घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात बसायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न खेड्यात 44,000 आणि शहरात 59,000 रुपयांच्या आत हवं. या कायद्याने महाराष्ट्राला घालून दिलेली मर्यादा ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के, मिळून सुमारे 7 कोटी माणसं. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. म्हणजे एक विभाग सांगतो की राज्यातलं सरासरी कुटुंब महिन्याला लाख रुपये मिळवतं, आणि दुसरा विभाग निम्म्याहून जास्त जनतेला महिन्याला पावणेचार-पाच हजारांत घर चालवणारं समजून रेशन देतो.

दोन्ही कागद एकदम शब्दशः खरे असू शकत नाहीत. रेशनची मर्यादा जुनी आहे, ती वाढवली गेली नाही आणि दाखल्यांवरचे आकडे त्या मर्यादेत बसवले जातात, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेची अडीच लाखांच्या कौटुंबिक उत्पन्नाची अट घेतली तरी तिच्यात दोन कोटींहून जास्त महिला बसल्या. त्यातल्या काही नंतर पडताळणीत गळाल्या. पण सगळी खोटी नावं वजा केली, तरी ‘सरासरी कुटुंब’ बारा लाखांवर आणि एवढी कुटुंबं अडीच लाखांच्या आत, ही फट बुजत नाही.

एक घर जवळून दाखवते. माझ्या एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. सेतू केंद्रावर अर्ज भरायला मी सोबत बसले होते. स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड, सातबारा, ग्राम महसूल अधिकाऱ्याचा (आपल्या तोंडी अजून तलाठीच) चौकशी अहवाल, मग तहसीलदारांची डिजिटल सही. दाखल्यावर रक्कम आली 48,000. तिच्या परवानगीने मी घरचा खरा हिशेब मांडला. तीन एकर कोरडवाहू कापूस. एकरी सहा क्विंटल धरले तर 18 क्विंटल, सात हजारांच्या भावाने 1 लाख 26 हजार. बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचाई धरून एकरी पंचवीस हजार खर्च, म्हणजे 75 हजार गेले. उरले 51 हजार. वडील उन्हाळ्यात कोळशाच्या सायडिंगवर कंत्राटदाराकडे जातात, 400 रुपये रोज, वर्षाला दीडशे दिवस. ते 60 हजार. एकूण 1 लाख 11 हजार, घरात पाच माणसं. दरडोई 22 हजार.

दाखला 48 हजार म्हणतो, खरं उत्पन्न 1 लाख 11 हजार, आणि राज्याच्या सरासरीप्रमाणे या पाच जणांचे व्हायला हवे होते साडेपंधरा लाख. दाखल्यावरचा आकडा खऱ्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. तरीही, साहेब, त्याची चूक तुमच्या सरासरीच्या चुकीपुढे लहानच.

अर्थात सरासरी चुकली असं म्हणणं तुमच्यावर अन्याय करणारं आहे. ती या घराबद्दल काही सांगायला बनलेलीच नाही. मग ती कशाबद्दल सांगते, हे मात्र तुमच्या पाहणीत त्या आकड्याच्या जवळपास कुठे सोप्या भाषेत लिहिलेलं असत नाही.

आपण ज्याला राज्याचं दरडोई उत्पन्न म्हणतो ते आहे राज्याच्या हद्दीत वर्षभरात झालेलं निव्वळ उत्पादन, भागिले लोकसंख्या. शेत, कारखाना, बँक, दुकान, सरकारी कचेरी, प्रत्येक ठिकाणी जे नवं मूल्य तयार झालं ते मिळवायचं, यंत्रं-इमारतींचा घसारा वजा करायचा. त्या बेरजेत मजुरी-पगार येतात, कंपन्यांचा नफा येतो, आणि वस्तू-सेवांवरच्या करांतून अनुदानं वजा जाता उरणारी रक्कमही येते. त्यातलं पहिलं घराघरांत जातं. दुसऱ्यातलं थोडं लाभांश म्हणून भागधारकांच्या घरी जातं, तेही ते जिथे राहतात तिथे, आणि बाकीचं कंपनीतच राहतं. तिसरं सरकारी तिजोरीत जातं. भागायला मात्र सगळ्यांना एकच भाजक: राज्यातलं प्रत्येक डोकं, परवा जन्मलेल्या बाळासकट. (तो भाजकही 2011 च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही.)

ही रक्कम घरांपर्यंत किती पोहोचते ते पाहायचा एक ढोबळ मार्ग आहे. 2022-23 साठी तुम्ही दरडोई 2,52,389 रुपये छापले. त्याच सुमारास, ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 मध्ये, केंद्राच्या नमुना पाहणीने घरोघरचा खर्च विचारला. महाराष्ट्रात माणशी मासिक खर्च निघाला ग्रामीण भागात 4,010 आणि शहरात 6,657 रुपये. वर्षाचा करा: खेड्यात 48 हजार, शहरात 80 हजार. दोन्ही मिळून साठ-पासष्ट हजारांच्या घरात. म्हणजे कागदावरच्या दर चार रुपयांतला साधारण एकच रुपया घरखर्चात दिसतो.

उरलेले तीन कुठे गेले याचं उत्तर एकाच वाक्यात देणारा माणूस बहुधा फसवत असतो. काही बचत आहे. काही वर सांगितलेला कंपनीचा नफा आणि कर. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर जे द्यावं लागलं असतं ते, उत्पन्नात धरलं जातं, पण खर्चाच्या पाहणीतल्या मासिक आकड्यात येत नाही. आणि एक मोठा भाग असा की अन्वेषक ज्यांच्या फाटकातून आतच जाऊ शकत नाही, त्यांचा खर्च पाहणीत येतच नाही. मलबार हिलच्या सुरक्षारक्षकाला ओलांडून पाचशे प्रश्नांची यादी वाचून दाखवणं कोणाला जमलंय? म्हणून तीनही रुपये श्रीमंतांनी खाल्ले असं मी म्हणणार नाही. पण दरडोई आकडा वाढला म्हणजे घरात पैसा आला, असंही कोणी म्हणू नये.

जिल्ह्यांच्या तक्त्यात ही गफलत आणखी मोठी होते, आणि माझा जिल्हा तिचं चांगलं उदाहरण आहे. चंद्रपुरात 2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणी आहेत, राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने आहेत. वीज कंपनीचं मुख्यालय मुंबईत, वेकोलिचं नागपुरात आणि तिची मालक कोल इंडिया कोलकात्यात. पण कोळसा इथे निघतो, वीज इथे तयार होते, म्हणून मूल्य इथे मोजलं जातं. नियमानुसार ते बरोबरच आहे. आता हा नियम एका तालुक्याला लावून पाहू. आकडे माझे, हिशेबापुरते.

समजा एक लाख वस्तीचा तालुका. शेती, दुकानं, नोकऱ्या मिळून वर्षाचं उत्पन्न 600 कोटी. दरडोई 60 हजार. तिथे उघडी खाण सुरू झाली. वर्षाला 1,000 कोटींचा कोळसा विकला. डिझेल, स्फोटकं, सुटे भाग, बाहेरून घेतलेल्या सेवा 350 कोटी. डंपर-शॉव्हेलचा घसारा 100 कोटी. निव्वळ भर 550 कोटी. तालुक्याचं उत्पन्न झालं 1,150 कोटी आणि दरडोई 1 लाख 15 हजार. जवळपास दुप्पट! आता हे 550 कोटी फोडा. समजा स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, 100 कोटी, ते सरकारकडे. नफा 300 कोटी, तो मुख्यालयाकडे. पगार-मजुरी 150 कोटी, त्यातले निम्मे बाहेरून येऊन-जाऊन काम करणाऱ्यांचे. तालुक्यात राहणाऱ्यांच्या हाती पडले 75 कोटी, दरडोई साडेसात हजार. आणि ते साडेसात हजारही सगळ्यांचे नाहीत. ज्यांना खाणीत नोकरी मिळाली त्या हजार-दीड हजार घरांचे. बाकीच्यांच्या वाट्याला धूळ, आणि विहिरीची खाली गेलेली पातळी. ती कुठल्याच रकान्यात वजा होत नाही.

उलटा प्रकार ठाण्याचा. डोंबिवली-कल्याणहून सकाळच्या लोकलने जाणारा माणूस मुंबईच्या कचेरीत जे मूल्य तयार करतो ते मोजायचं ठिकाण त्याचं काम, त्याचं घर नव्हे. त्यामुळे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न हे तिथे राहणाऱ्यांच्या खिशाचं माप म्हणून वाचणं चंद्रपुरात चुकतं तसंच मुंबई-ठाण्यातही चुकतं. पण मागास तालुके ठरवताना, निधी वाटताना, भाषणात जिल्ह्याची पाठ थोपटताना ते तसंच वाचलं जातं. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष काढताना सिंचन, रस्ते, वीज अशा एकेका सोयीत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजलं होतं. तिथेही सरासरीच होती, पण निदान रस्त्याचा किलोमीटर कोलकात्याला जात नव्हता.

समजा ही सगळी गळती बुजवली आणि फक्त घरांच्या हाती पडणारं उत्पन्न मोजलं. तरी वाटणीचा प्रश्न उरतोच. देशासाठी त्याचा बऱ्यापैकी तपशीलवार अंदाज मार्च 2024 मध्ये वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या चार अभ्यासकांनी दिला. त्यांनी आयकराची आकडेवारी, नमुना पाहण्या आणि राष्ट्रीय लेखे एकत्र जोडले. ही जोडणी कशी करावी यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत आणि त्यांचा हिशेब दरडोई नसून दर प्रौढ माणसामागे आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं. 2022-23 मध्ये प्रौढामागे सरासरी उत्पन्न निघालं सुमारे 2 लाख 35 हजार. खालच्या निम्म्या लोकांची सरासरी 71 हजार. त्यांच्या वरच्या 40 टक्क्यांची 1 लाख 65 हजार. वरच्या 10 टक्क्यांची साडेतेरा लाख, आणि त्यातल्या अगदी वरच्या 1 टक्क्याची 53 लाख. मध्यक, म्हणजे सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न, लाखाच्या जरासं वर. सरासरी मध्यकाच्या दुपटीहून जास्त. सरासरीएवढं मिळवायचं तर शंभरांच्या रांगेत जवळपास नव्वदाव्या जागेवर उभं राहावं लागतं.

या आकड्यांवरून एक साधा गुणाकार करून पाहा. मी तो दरवर्षी वर्गात देते आणि पोरं दोनदा तपासतात. खालच्या निम्म्या लोकांचं उत्पन्न उद्या दुप्पट झालं, 71 हजारांचं 1 लाख 42 हजार, तर देशाची सरासरी साडेपस्तीस हजारांनी वाढेल, म्हणजे 15 टक्के. तेवढीच 15 टक्के वाढ दुसऱ्या मार्गानेही होते: खालच्या 99 टक्क्यांना एक पैसा जास्त न मिळता, वरच्या 1 टक्क्याची सरासरी 53 लाखांवरून 88 लाखांच्या आसपास जायला हवी. एका प्रसंगात 46 कोटी माणसांचं आयुष्य बदलतं, दुसऱ्यात 92 लाख माणसांची प्रत्येकी आणखी एक सदनिका होते. आर्थिक पाहणीत दोन्ही वेळा एकच ओळ छापली जाईल: दरडोई उत्पन्नात 15 टक्के वाढ.

हा वाद नवा नाही. वाढलेलं राष्ट्रीय उत्पन्न गेलं कुठे, हे शोधायला 1960 मध्ये पंतप्रधान नेहरूंनी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची समिती नेमली होती. ऑगस्ट 1963 मध्ये लोकसभेत पहिला अविश्वास ठराव आला तेव्हा राममनोहर लोहियांनी सांगितलं की देशातली 27 कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले पंधरा आणे. नियोजन मंत्री गुलझारीलाल नंदांनी पुढे साडेसात आणे सांगितले. आज ती चर्चा वाचताना लोहियांचे तीन आणे फारच कमी वाटू शकतात, आणि त्यांनी ते कसे काढले यावर आक्षेप घेता येतात. पण त्यांचा प्रश्न खालच्या साठ टक्क्यांबद्दल होता आणि पंधरा आणे हे उत्तर सगळ्यांच्या सरासरीचं होतं. नंदांनी खालच्या साठ टक्क्यांपुरता हिशेब केला आणि सरकारचाच आकडा निम्म्यावर आला. त्याला साठ वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून पंधरा आणेच छापतोय.

‘मग विषमतेचाही आकडा आहे की, तो बघा’ असं कोणी म्हणेल. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या पत्रकाने सांगितलं की 25.5 या गिनी निर्देशांकामुळे भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे. तो 25.5 खर्चावरचा आहे, आणि ज्यांच्याशी तुलना केली त्यातल्या अनेक देशांचे आकडे उत्पन्नावरचे. गरीब माणूस मिळवलेलं जवळजवळ सगळं खर्च करतो, प्रसंगी उसनं काढून. श्रीमंत माणूस मोठा हिस्सा बाजूला टाकतो. त्यामुळे खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा सहसा लहान दिसते. ज्या जागतिक बँकेच्या टिपणातून हा आकडा उचलला त्याच टिपणात लिहिलंय की आकडेवारीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असू शकते, आणि उत्पन्नावरचा गिनी 2004 मधल्या 52 वरून 2023 मध्ये 62 वर गेल्याचा एक अंदाज आहे. पत्रकात ती वाक्यं आली नाहीत. तुमच्या पाहणीत असं होऊ नये.

आता मागण्यांकडे येते. त्या खर्चिक नाहीत, एक सोडली तर.

पहिली आजच करता येईल. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्याखाली तळटीप टाका: हा आकडा राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीतल्या उत्पादनाचा आहे, रहिवाशांच्या हाती पडलेल्या उत्पन्नाचा नाही. जिल्ह्यांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला, एकूण उत्पन्नात खाण, वीज आणि मोठ्या कारखान्यांचा वाटा किती टक्के. क्षेत्रवार विभागणी तुमच्याकडे असतेच. हा वाटा जिथे मोठा आहे तिथे दरडोई आकडा सावधपणे वाचायचा, एवढं पत्रकाराला आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्याला कळलं तरी पुष्कळ.

दुसरी मागणी त्याच पानावर दुसरा तक्ता देण्याची. उत्पन्नाची वाटणी आज उपलब्ध नाही, हे मान्य. पण खर्चाची आहे. केंद्र लोकसंख्येचे बारा गट पाडून, सर्वांत खालच्या पाच टक्क्यांपासून सर्वांत वरच्या पाच टक्क्यांपर्यंत, माणशी खर्च छापतं. महाराष्ट्राचे तसेच गट, ग्रामीण आणि शहरी वेगळे, मध्यकासह, दरडोई उत्पन्नाच्या शेजारी यायला हवेत. वर ठळक अक्षरांत एवढं लिहा की हा खर्च आहे, आणि वरच्या टोकाची माणसं यात कमी सापडतात.

तिसरी मागणी पैशाची आणि माणसांची. कौटुंबिक उत्पन्नाची देशव्यापी पाहणी 2026 मध्ये करायचं केंद्राने ठरवलं. यापूर्वी पन्नास-साठच्या दशकांत आणि 1983-84 मध्ये असे प्रयत्न झाले आणि सोडून द्यावे लागले, कारण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च-बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत होतं. ऑगस्ट 2025 मधल्या पूर्वचाचणीत 95 टक्के लोकांना हे प्रश्न खासगी वाटले. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना तुम्ही ‘तुमचं वार्षिक उत्पन्न किती?’ विचारलंत तर ते दाखल्यावरचे 48 हजारच सांगतील. रेशनकार्ड जायला नको म्हणून सांगतील, आणि खरा आकडा त्यांनी कधी एकत्र मिळवलेलाही नाही म्हणूनही सांगतील. पण किती क्विंटल कापूस झाला, कोणत्या भावाने गेला, फवारण्या किती केल्या, सायडिंगवर किती दिवस गेलात, रोज किती मिळाला, हे विचारा. न अडखळता सांगतील. बेरीज अन्वेषकाने करायची. आणि ही माहिती रेशन किंवा आयकराच्या कुठल्याही यादीशी जोडली जाणार नाही, हे प्रश्नांच्या आधी, मराठीत, गोंडी-कोलामी बोलणाऱ्या गावांत त्यांच्या भाषेत सांगायला हवं.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांत तुमचे अन्वेषक केंद्राच्या नमुन्याच्या जोडीने राज्याचा नमुना गोळा करत आले आहेत. जानेवारी 2025 पासून केंद्रानेही बहुतेक पाहण्यांत जिल्हा हा पायाचा घटक धरायला सुरुवात केली आहे. उत्पन्नाच्या पाहणीत राज्याचा नमुना पूर्ण घ्या, दोन्ही नमुने एकत्र करा, म्हणजे निदान विभागवार, आणि मोठ्या जिल्ह्यांत जिल्हावार, उत्पन्नाचा मध्यक काढता येईल. लहान जिल्ह्यांत नमुना अपुरा पडला तर तसं लिहा आणि जागा रिकामी ठेवा. रिकाम्या जागेने कोणाची दिशाभूल होत नाही.

नमुन्यात श्रीमंत सापडत नाहीत ही अडचण तरी उरेलच. तिच्यावर उपाय आयकर विभागाच्या आकड्यांत आहे. कोणत्या उत्पन्नगटात किती विवरणपत्रं भरली गेली याचे नाव-गाव नसलेले तक्ते केंद्र प्रसिद्ध करत आलं आहे. राज्यवार तक्ता मागून घ्या आणि पाहणीतलं वरचं टोक त्याच्याशी ताडून बघा. शेतीच्या नावाखाली दाखवलेलं करमुक्त उत्पन्न त्यात नीट येणार नाही, कबूल. पण सध्या वरच्या टोकाबद्दल आपल्या पाहणीत काहीच नसतं.

पुढच्या मार्चची पाहणी छपाईला जाण्याआधी पहिल्या दोन मागण्यांवर निर्णय व्हावा, ही विनंती. तळटीप आणि रकाना यांचा मसुदा हवा असेल तर आमच्या विभागातली मुलं आनंदाने करून देतील. चंद्रपूरच्या पंधरा तालुक्यांपुरता त्यांनी तो करायला घेतलाच आहे. जिल्ह्याच्या उत्पन्नाची क्षेत्रवार आकडेवारी मात्र आम्हाला छापील पानांवरून एकेक टिपून घ्यावी लागते. ती तुमच्या संकेतस्थळावर पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये ठेवलीत तर त्यांचे डोळे वाचतील.

आपली,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक अर्थशास्त्राची प्राध्यापिका